वाघाचं बीट कळतं, घराचा झोन कळत नाही

चंद्रपूर-गडचिरोली भागात वाघाचा पत्ता कुणालाही विचारा, बिनचूक मिळेल. वन विभागानं जंगलाची अशी पद्धतशीर वाटणी केली आहे की विचारता सोय नाही. आधी विभाग, मग परिक्षेत्र, त्याखाली वर्तुळ आणि सगळ्यात खाली नियतक्षेत्र, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं बीट. एका बीटाला एक वनरक्षक. वाघानं रात्री नाला ओलांडला की सकाळी वनरक्षक पंजाचा ठसा बघून सांगतो, ‘गेला जी पलीकडच्या बीटात.’ त्या क्षणापासून वाघ पलीकडच्या वनरक्षकाची जबाबदारी. वाघाला कुठलाही दाखला लागत नाही, ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे कुणी मागच्या वर्षीची पावती मागत नाही.

घराचं तसं नसतं. घर जागचं हलत नाही, आणि तरी ते नेमकं कुणाच्या हद्दीत आहे हे सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. पोस्टमन म्हणतो 442401. पोलीस म्हणतात अमुक ठाणं. महावितरणच्या बिलावर तिसरंच उपविभागाचं नाव असतं, मतदार यादीत भाग क्रमांक वेगळा असतो आणि सातबाऱ्यावर तर असं काही गाव निघतं की त्या नावानं आपण कधी रिक्षासुद्धा केलेली नसते. आमच्याकडच्या महसुली दप्तरात कित्येक रिठी गावं आहेत. रिठी म्हणजे जिथे वस्तीच नाही असं गाव. त्यातल्या काही रिठ्यांवर आता लेआऊट पडले आहेत, दुमजली बंगले उभे आहेत, दारात मोटारी आहेत. दप्तरी मात्र तिथे चिटपाखरू राहत नाही. इतक्या सगळ्या खात्यांनी एका घरावर हक्क सांगितल्यावर घरपट्टी भरायला नेमकं कुठे जायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध राहत नाही.

जुन्या चांद्यात हा घोळ नव्हता. गोंड राजांनी शहराभोवती परकोट बांधला आणि त्याला चार दरवाजे ठेवले: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या. कोटाच्या आत असाल तर गावात, बाहेर असाल तर बाहेर. एवढं साधं. 1867 मध्ये नगरपालिका आली, पण तेव्हाही हद्द डोळ्यांना दिसत होती. आता ऑक्टोबर 2011 पासून चंद्रपूर शहर महानगरपालिका आहे आणि तिची हद्द फक्त नकाशात दिसते. ताडोबा रोडनं मोहर्लीकडे निघालात की तुकूम कुठे संपलं आणि दुर्गापूर कुठे सुरू झालं, हे मोटारीत बसून सांगून दाखवावं. दुकानं तीच, पाट्या त्याच, गतिरोधकही तसेच कंबरतोड. मध्येच कुठेतरी महानगरपालिका संपून ग्रामपंचायत लागलेली असते. दुर्गापूर आणि ऊर्जानगर या दोन्ही ग्रामपंचायती आहेत, हे महाऔष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या पाहून ‘केवढं शहर हे’ म्हणणाऱ्या पाहुण्याला सांगितलं तर त्याला थट्टा वाटते.

आमच्या मेव्हण्यालाही थट्टाच वाटली होती.

मेव्हणेबुवांनी याच रस्त्याच्या कडेच्या एका लेआऊटमध्ये जुनं घर घेतलं. घेतल्यापासून त्यांच्या तोंडी ‘महानगर’ हा शब्द बसला. ‘आता काय भाऊजी, आम्ही महानगरवासी,’ असं ते मूलच्या नातेवाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. वास्तुपूजेच्या पत्रिकेवर ‘चंद्रपूर महानगर’ छापून घेतलं. एवढं झाल्यावर घर आपल्या नावावर चढवायला हवं आणि घरपट्टी भरायला हवी, हे त्यांना कुणीतरी सुचवलं. मला बरोबर घेतलं, कारण मी निवृत्त. निवृत्त माणसाला सरकारी कचेऱ्यांचं व्यसन असतं असा आमच्या सासुरवाडीत समज आहे.

विकणाऱ्यानं घराबरोबर कागदांची एक पिशवी दिली होती. तिच्यात वीजबिल, 2017 च्या निवडणुकीतली एक मतदार चिठ्ठी (घरमालकाच्या शहरातल्या भावाची, हे पुढे कळलं), खरेदीखताची झेरॉक्स आणि घरपट्टीची एक जुनी पावती. पावतीचा वरचा दोन बोटं भाग वाळवीनं खाल्लेला. वाळवी ही मोठी जाणकार जात आहे. तिनं कार्यालयाचं नाव तेवढं नेमकं खाल्लं, रक्कम तशीच ठेवली. खाली स्पष्ट अक्षरात ‘वॉ. नं. 3’ आणि घर क्रमांक होता.

‘मिळालं!’ मेव्हणेबुवा म्हणाले. ‘वॉर्ड तीन. म्हणजे झोन तीनचं ऑफिस. चला.’

‘आणि या मतदार चिठ्ठीवर प्रभाग 1 आहे, त्याचं काय?’

‘तो मताचा, हो. हा पैशाचा.’

गंमत अशी की हे वाक्य अगदी बरोबर होतं. ज्या वाक्यावर त्यांनी थांबायला हवं होतं, ते बोलून ते पुढे निघून गेले.

मताचा वॉर्ड आणि पैशाचा वॉर्ड ही दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. मताचा प्रभाग लोकसंख्येवर बेततात. जनगणनेतले प्रगणक गट जोडून साधारण सारखी लोकसंख्या होईल असे तुकडे पाडतात, आणि हे दर निवडणुकीला नव्यानं होऊ शकतं. चंद्रपुरात 2012 ची निवडणूक दोन-दोन सदस्यांच्या प्रभागांनी झाली. 66 जागांना 33 प्रभाग. 2017 मध्ये चार सदस्यांची पद्धत आली आणि त्याच 66 जागांचे 17 प्रभाग झाले. कुणी घर बदललं नाही, भिंत हलवली नाही, तरी पाच वर्षांत अर्ध्या गावाचा प्रभाग क्रमांक पालटला. तुकूमकडचा भाग ‘दे. गो. तुकूम’ या नावानं प्रभाग 1 झाला. दे. गो. म्हणजे कुणी थोर समाजसेवक असावेत असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते देवई गोविंदपूर हे मौजाचं नाव आहे.

करवसुलीचं काम या 17 जणांत वाटलेलं नाही. त्यासाठी शहराचे तीन झोन आहेत, आणि मालमत्तेचं दप्तर ज्या झोनात उघडलं, तिथेच ते सहसा राहतं. कर आकारणीची नोंदवही, मागणी, थकबाकी, नोटिसा, नावातला बदल हे सारं त्या झोनच्या कर विभागात. पण इथेही एक मेख मारून ठेवलेली आहे. कायद्यात झोनला ‘झोन’ म्हणत नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29-अ प्रमाणे ती प्रभाग समिती, आणि तिचं कार्यालय ते प्रभाग कार्यालय. म्हणजे मतदानाचाही प्रभागच, करवसुलीचाही प्रभागच. वर दोघांनाही क्रमांकच. त्यात जुन्या माणसांच्या तोंडी नगरपालिकेच्या काळातले वॉर्ड अजून आहेतच: भानापेठ वॉर्ड, एकोरी वॉर्ड, विठ्ठल मंदिर वॉर्ड. तीन पिढ्यांची तीन गणितं एकाच घराच्या पाटीवर नांदतात.

मुंबईकर या बाबतीत सुखी. तिथे पालिकेच्या कार्यालयाला ए, बी, सी अशी अक्षरं आणि नगरसेवकाच्या प्रभागाला आकडा. ‘के पूर्व’ म्हटलं की ते ऑफिस, आकडा म्हटला की ते मत. दोन्हीची गल्लत करायची म्हटली तरी होत नाही. नागपुरानं झोनला नावं दिली, लक्ष्मीनगर, धरमपेठ, सतरंजीपुरा. तिथेही निभावतं. आमच्याकडे मात्र दोन्हीकडे आकडे. त्यामुळे प्रभाग 1 ते 3 मधला माणूस बिनधास्त त्याच आकड्याच्या झोनात जाऊन बसतो, आणि प्रभाग 15 मधला बिचारा ‘झोन पंधरा कुठे आहे हो?’ असं विचारत फिरतो. खरं तर पंधरावालाच नशीबवान. त्याची चूक पहिल्या चहाच्या टपरीवर उघडकीला येते.

झोनच्या कार्यालयात कर विभागाच्या टेबलाशी एक बाबू बसले होते. चष्मा कपाळावर, समोर नोंदवही आणि संगणक दोन्ही. मेव्हणेबुवांनी पावती पुढे सरकवली आणि एखाद्या हॉटेलात खोली आरक्षित केल्याच्या सुरात म्हणाले, ‘वॉर्ड तीन.’

बाबूंनी पावती उचलली. वाळवीनं खाल्लेल्या भागाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते सरळ खालचे रकाने वाचू लागले.

‘काऊन जी, हे तुमाले कोनं देल्लं?’

‘घर विकणाऱ्यानं.’

‘आमची नोहे.’

‘वॉर्ड तीन लिहिलंय ना.’

‘वॉर्ड तीन हाय, पन आमचा नाई.’ त्यांनी पावतीवर पेनाचं टोक ठेवलं. ‘पाहा. घरपट्टी. दिवाबत्ती कर. आरोग्य कर. पानीपट्टी. संपलं. आमच्या बिलात सामान्य कर असते, वृक्ष कर असते, राज्य सरकारचा शिक्षण कर असते. इथं वृक्ष कर दिसून राहिला का तुमाले?’

नव्हता दिसत. वृक्ष कर हा प्रकार मेव्हणेबुवांना त्याच दिवशी कळला. ‘आपल्या जिल्ह्यात? झाडासाठी कर?’ त्यांनी मला हळूच विचारलं. चारी बाजूंनी सागाचं जंगल असलेल्या माणसाला झाडांसाठी कर भरावा लागतो, यात काहीतरी न्याय असेलच. मला त्या वेळी सापडला नाही.

बाबू म्हणाले, ‘दिवाबत्ती लिवून हाय म्हंजे ग्रामपंचायत. हा नमुना दहा हाय.’

मी बाबूंकडे आदरानं बघितलं. कार्यालयाचं नाव नसलेल्या कागदावरून कार्यालय ओळखणं म्हणजे वनरक्षकानं नुसत्या ठशावरून वाघ की वाघीण सांगण्यासारखंच आहे. पावती कुठली हे वरच्या नावावरून नव्हे, करांच्या यादीवरून ओळखायचं. ग्रामपंचायतीचं दप्तर नमुन्यांनी चालतं. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 ही मागणीची आणि नमुना 10 ही हातात मिळणारी पावती. महानगरपालिकेच्या बिलावर यातला एकही आकडा नसतो. तिथे मालमत्ता क्रमांक आणि झोन असतो. मालमत्ता क्रमांक सापडला की झोन शोधावा लागत नाही, तो त्याच्या शेजारीच छापलेला असतो.

पण मेव्हणेबुवा सहजासहजी खेड्यात परतायला तयार नव्हते. त्यांनी बाजू लढवली. समोरच्या ओळीतले शेजारी महानगरपालिकेत भरतात, त्यांचं बिल आपण पाहिलं आहे. पिन कोड चंद्रपूरचा आहे. रिक्षावाला ‘चंद्रपूर’ म्हणूनच पैसे घेतो. शेवटी त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि म्हणाले, ‘तुम्ही तूर्त भरून तर घ्या. मागनं बघू.’

आयुष्यात पहिल्यांदा मी एका नागरिकाला कर भरण्यासाठी हट्ट करताना आणि कर विभागाला पैसे नाकारताना पाहिलं. मागच्या रांगेतल्या एका काकांनी तर मान लांब करून मेव्हण्यांचा चेहरा बघून घेतला.

बाबू शांतपणे म्हणाले, ‘नंबरशिवाय पैसे कुठं टाकू जी? कोनाच्या तरी खात्यावर जाईन. मंग तो खुश, तुमी थकबाकीत.’

हे ऐकून काका पुढे आले. त्यांना हे भोगायला लागलं होतं. त्यांच्या मुलानं पुण्याहून ऑनलाइन घरपट्टी भरली होती आणि मालमत्ता क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला. पैसे गेले ते एका अनोळखी सद्गृहस्थाच्या खात्यावर. त्याची थकबाकी फिटली. काकांच्या खात्यावर मात्र शास्ती चढत राहिली. महानगरपालिकेच्या थकबाकीला दरमहा दोन टक्के शास्ती असते, म्हणजे चार हजार थकले तर महिन्याला ऐंशी रुपये आणि वर्षाला 960. काका आता त्या ऐंशी रुपयांच्या मागे अर्ज घेऊन हिंडत होते. ‘भरायच्या आधी पडद्यावर नाव येते न, ते वाचाचं होतं,’ ते म्हणाले. ‘पोट्टं म्हणते, नाव कशाले वाचाचं, घर तं आपलंच हाय.’

हे काकांचं बोलणं आडवळणाचं वाटलं तरी मुद्द्याचं आहे. आपलं घर कुठल्या झोनात आहे याची पक्की खात्री क्रमांकानं होते, पण क्रमांक बरोबर आहे याची खात्री नावानं होते. जुन्या मालकाचं नाव आलं तर क्रमांक आपला, फक्त नाव चढवायचं राहिलंय. तिसऱ्याच कुणाचं आलं तर हात मागे घ्यावा. आणि जुना मालक क्रमांक न देताच गेला असेल, तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची बिलं मागावीत. एका बाजूचं पुरत नाही. हद्द पुष्कळदा रस्त्याच्या मधून जाते, आणि समोरचा शेजारी कितीही प्रेमळ असला तरी त्याचा झोन आपला असेलच असं नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोघांचे झोन जुळले, की ते दोन क्रमांक घेऊन कर विभागात जायचं आणि मधलं घर शोधून द्या म्हणायचं. बाबूला ते सोपं जातं. ‘विठ्ठल मंदिराच्या मागं, लिंबाच्या झाडाजवळ’ हे त्याला अवघड जातं, कारण चंद्रपुरात मंदिरं आणि लिंबाची झाडं या दोन्ही गोष्टींची टंचाई नाही.

झोनच्या कडेला राहणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची असते. झोन म्हणजे प्रभागांची बांधलेली मोट. प्रभागाची रेघ सरकली की कडेच्या एखाद-दोन गल्ल्या शेजारच्या मोटेत जाऊ शकतात. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या पावतीवरचा झोन हा पुरावा असला तरी तो जुना पुरावा. चालू वर्षाचं बिल हातात घेऊनच बोलावं.

हे सगळं ऐकून मेव्हणेबुवा कार्यालयाच्या पायरीवर बसले. तेवढ्यात गडचिरोलीच्या साडूंचा फोन आला. साडूंना हसू आवरेना. गडचिरोलीत नगर परिषद एक, तिचं कार्यालय एक, इंदिरा गांधी चौकात उभं राहून कुणालाही विचारलं तर हात करून दाखवेल. वॉर्ड ऑफिस कुठलं हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. फार तर कुठल्या टेबलाशी जायचं एवढाच उद्भवतो. साडूंनी नोकरीची काही वर्षं भामरागडला काढलेली, त्यामुळे त्यांचा तिथल्या कारभारावर अधिकार. ते म्हणाले, ‘तुमच्या महानगराचे प्रभाग किती?’

‘सतरा.’

‘आमच्या भामरागडचेही सतराच!’

हे खरं आहे. नगर पंचायतीला 17 सदस्य आणि प्रत्येकाचा एक प्रभाग, हा सरसकट नियम. भामरागड, धानोरा, अहेरी, चामोर्शी ही तालुक्याची गावं 2015 मध्ये ग्रामपंचायतीतून नगर पंचायती झाली आणि पर्लकोटेच्या पुरात पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या एवढ्याशा भामरागडालाही 17 प्रभाग मिळाले. तिथे एक उमेदवार घरोघर प्रचाराला निघाला तर पहिल्या घरचा चहा संपायच्या आत त्याचा प्रभाग संपत असावा. पण कर भरायला सतराही जण एकाच दारात जातात. साडूंचं म्हणणं, हद्दीचा खरा गोंधळ झाला तो 2015 च्या त्या बदलात. जुन्या ग्रामपंचायतीच्या पावत्या लोकांनी अगदी देवघरात जपून ठेवलेल्या, आणि नव्या कार्यालयात त्या दाखवल्या की तिथले लोक त्या पावतीला नमस्कार करत, पण नव्या आकारणीत घर आलंय का हे वेगळं तपासावं लागे.

फोन ठेवल्यावर मी मेव्हण्यांकडून खरेदीखताची झेरॉक्स मागून घेतली. घर घेणारा माणूस खरेदीखतात दोन गोष्टी वाचतो, स्वतःचं नाव आणि रक्कम. मधली पानं वकिलासाठी असतात अशी त्याची श्रद्धा असते. नोंदणीनंतर मिळणारी सूची क्रमांक दोन, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती त्यात घडी घालून ठेवली होती. तिच्या माथ्यावर ‘गावाचे नाव’ असा रकाना असतो. तिथे ‘दुर्गापूर’ होतं. खाली मालमत्तेच्या वर्णनात ‘पालिकेचे नाव’ असं असतं, आणि त्यापुढे ‘चंद्रपूर’.

‘बघा!’ मेव्हणेबुवा उठून उभेच राहिले. ‘पालिकेचे नाव चंद्रपूर!’

पण तिथे ‘म.न.पा.’ ही तीन अक्षरं नव्हती. नुसतं चंद्रपूर, म्हणजे जिल्हा. पुढच्या ओळीत इतर वर्णन होतं, मौजा, भूमापन क्रमांक, भूखंड क्रमांक आणि मग ‘ग्रामपंचायत घर क्रमांक’, तोच, पावतीवरचा. घर घेतलं त्या दिवसापासून उत्तर त्यांच्या पिशवीत होतं. मुद्रांक शुल्कही हद्द बघूनच लागतं, महानगरपालिकेत वेगळं, ग्रामपंचायतीत वेगळं. म्हणजे ग्रामीण दराचा फायदा त्यांनी नोंदणीच्या दिवशीच घेतला होता आणि त्यावर घरी पेढेही वाटले होते.

‘तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे ग्रामीण आहे म्हणून,’ ते म्हणाले.

‘पैसे कमी लागले तेव्हा विचारलं होतं का, का कमी लागले?’

यावर त्यांनी जटपुरा गेटच्या वाहतुकीवर बोलायला सुरुवात केली.

ताडोबा रोडनं परत येताना त्यांचा मूड अगदी उतरला होता. आता घरपट्टी कमी येईल याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता. माणसाला कमी कर हवा असतो हे खरं, पण महानगराचा कमी कर हवा असतो. पत्रिकेचं काय करायचं, हा प्रश्न होताच. मी म्हटलं, उद्या हद्दवाढ झाली तर तुमची पत्रिका आपोआप खरी ठरेल. त्यांना तो विचार एवढा आवडला की त्यांनी तिथल्या तिथे महानगरपालिकेच्या हद्दवाढीला पाठिंबा जाहीर केला. हद्दवाढ झाल्यावर वृक्ष कर लागेल, शिक्षण कर लागेल, शास्तीचे दोन टक्के लागतील, हे मी सांगितलं नाही. घरात सून यायच्या आधी सासूच्या स्वभावाबद्दल बोलू नये.

ग्रामपंचायत कार्यालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघालं. सकाळपासून आम्ही ज्या कार्यालयाच्या शोधात शहर पालथं घातलं होतं, त्याच्या दारावरून सकाळीच गेलो होतो. आत एक तरुण कर्मचारी होता. त्यानं पावती बघितली आणि वाळवीनं खाल्लेल्या जागी काय होतं हे न बघता सांगितलं. कपाटातून नमुना आठची जाडजूड वही काढली. घर क्रमांकावर बोट ठेवलं, तर जुन्या मालकाचं नाव आणि त्याच्या मागच्या मालकाचंही नाव होतं. घराच्या बांधकामाचा प्रकार, लांबी-रुंदी, वर्ष सगळं होतं. थकबाकी एका वर्षाची होती. ती भरून घेतली. नाव बदलायला खरेदीखताची आणि सूची दोनची प्रत लागेल, अर्ज लागेल आणि ठराव मासिक सभेत होईल, हेही त्यानं सांगितलं. सगळं मिळून वेळ इतका कमी लागला की मेव्हणेबुवांना संशय येऊ लागला.

‘एवढंच?’

‘एवढंच काका. फक्त अर्जावर वॉर्ड नंबर टाका.’

मेव्हणेबुवा खुशीत आले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना एखादं उत्तर येत होतं. त्यांनी पेन काढलं आणि दमदार आवाजात म्हणाले, ‘तीन.’

पोरगा थोडा घुटमळला. मागच्या भिंतीवर टांगलेल्या मतदार यादीकडे त्यानं एक नजर टाकली, मग वहीकडे बघितलं.

‘रजिस्टरात तीनच हाय,’ तो म्हणाला. ‘पन मतदानाले चार झाला जी. तुमी कोणचा टाकता?’